साइटच्या भिंतीवर कोणता कागद लावायचा: क्रिटिकल पाथ की रिस्क रजिस्टर?

ऑफिसातून इंग्रजी प्लॅन मराठीत होऊन येतो तेव्हा त्यात ‘गंभीर मार्ग’ आणि ‘जोखीम नोंदवही’ असे दोन तक्ते असतात. साइट मॅनेजर पहिल्याचा अर्थ ‘धोक्याची कामं’ असा लावतो आणि दुसरा तक्ता अपघाताच्या रजिस्टरसोबत ठेवून देतो. प्लॅन मराठीत करणाऱ्याने क्रिटिकल पाथ आणि रिस्क रजिस्टर हे शब्द तसेच राहू द्यावेत आणि खाली एकेक ओळ लिहावी. पहिल्याखाली: ‘यातलं काम एक दिवस लांबलं की हँडओव्हर एक दिवस लांबतो.’ दुसऱ्याखाली: ‘अजून घडलेलं नाही, पण घडलं तर काय करायचं ते.’ हँडओव्हर न हलता काम जितके दिवस लांबू शकतं त्या फ्लोटला ‘सवड’ म्हटलं तर मिस्त्रीलाही कळतं.

दोन्हींतला फरक एका कामावर पाहू. चोपड्याकडचं एक गोदाम घ्या. कॉलम झालेत, स्लॅबचा स्पॅन साडेचार मीटरपेक्षा जास्त आहे. सेंटरिंग आणि सळई 10 दिवस, स्लॅब ओतायला 1, आणि टेकू काढेपर्यंत 14. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456, त्यात साध्या ओपीसी सिमेंटसाठी अशा स्पॅनला निदान 14 दिवस दिलेत. पीपीसी वापरत असाल तर इंजिनिअरला विचारून वाढवा. म्हणजे आतली वीटबांधणी सुरू व्हायला 25 दिवस. दुसरीकडे फॅब्रिकेटर लोखंडी चौकटी 15 दिवसांत करून देतो आणि त्या बांधणीच्या आधी लागतात. चौकटींना 10 दिवसांची सवड आहे, स्लॅबच्या रांगेला अजिबात नाही. ती रांग हाच क्रिटिकल पाथ, तक्त्यावर ती लाल पट्टीने दाखवतात.

मॅनेजर अडतो तो टेकूंच्या 14 दिवसांपाशी. “काम नही शे, मग लाल काबर?” असं तो विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. क्रिटिकल पाथ कामाचा जोर किंवा अवघडपणा मोजत नाही, फक्त दिवस मोजतो. टोळी दुप्पट केली तर सेंटरिंगचे दोन दिवस वाचतील, टेकूंचा एकही वाचणार नाही. साहेबांचा फोन आला म्हणून बाराव्या दिवशी टेकू काढायचे नसतात, एवढं त्या लाल पट्टीवरून कळलं तरी पुष्कळ झालं.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सण सेंटरिंगच्या दहा दिवसांत आला आणि टोळी चार दिवस गावी गेली, तर हँडओव्हर चार दिवस पुढे. तोच सण टेकूंच्या दिवसांत आला तर क्रिटिकल पाथवर काहीच हलत नाही, कागद पाहून मॅनेजर निवांत होतो. इथेच तो कागद तोकडा पडतो. खान्देशातल्या वैशाखात स्लॅबला निदान 10 दिवस पाणी हवं, कोरड्या गरम हवेसाठी तेच आयएस 456 तसं सांगतं. पाणी मारणारा माणूसही टोळीबरोबर गावी गेला तर तारीख पाळली जाईल आणि स्लॅब तडकेल. स्लॅबवर पाणी साठवायला केलेली आळी कोरडी पडून वरचा थर पांढुरका होऊन भुरभुरू लागला म्हणजे उशीर झालेलाच असतो.

ही गोष्ट रिस्क रजिस्टरमध्ये सापडायला हवी, पण तिथे बहुधा नुसतं ‘मजूर टंचाई: मध्यम’ लिहिलेलं असतं. याचा उपयोग शून्य. ओळ अशी हवी: ‘आखाजीला पाणी मारणारा गेला तर स्लॅब कोरडा पडेल. आठवडा आधी गावातला एक माणूस ठरवायचा. जबाबदार: सुपरवायझर.’ शक्यता 4, परिणाम 4, गुण 16 हे आकडे ऑफिसला लागतात. साइटवर कोणी कधी काय करायचं ते लागतं. शिवाय 5 गुणिले 2 आणि 2 गुणिले 5 दोन्ही दहाच. रोजची किरकोळ कटकट आणि क्वचित पण मोठं नुकसान, गुणांच्या रकान्यात दोन्ही सारखीच दिसतात.

भिंतीवर एकाच कागदाला जागा असेल तर मी क्रिटिकल पाथ लावेन, कारण वाळूची गाडी आणि माणसं आज कुठे लावायची ते त्यावरून ठरतं. रजिस्टरमधल्या त्या रांगेवरच्या ओळी तिथेच पेनाने उतरवायच्या. चौकटी आठ दिवस उशिरा येण्याची भीती तूर्त सोडून देता येते, सवड दहाची आहे. मात्र फॅब्रिकेटरचा ॲडव्हान्स सहा दिवस अडकला तर सवड चारवर येते आणि तीच आठ दिवसांची भीती हँडओव्हर चार दिवस ढकलते. म्हणून लाल पट्टी दर आठवड्याला नव्याने काढावी लागते. पाणी, टेकू आणि उंचावरच्या कामाच्या ओळी मात्र सवड कितीही असली तरी भिंतीवरून काढायच्या नाहीत.