लाइट बॉक्स: एक अख्खा हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. लाइट बॉक्स म्हणजे रोज समोर बसून तेज उजेड घ्यायचा दिवा. दर हिवाळ्यात येणाऱ्या माझ्या डिप्रेशनवर तो लागू पडला. त्याच घरात, त्याच दिव्यासमोर बसणाऱ्या माझ्या नवऱ्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण त्याला डिप्रेशन नव्हतंच, तो फक्त दमलेला होता. दिवा घेण्यापूर्वी आपण या दोघांपैकी कोण, हे कळणं दिव्याच्या मॉडेलपेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

दिवस लहान झाले, आभाळ आठवडेच्या आठवडे झाकोळलेलं राहिलं की बहुतेकांना आळस येतो, झोप जास्त येते, बाहेर पडावंसं वाटत नाही. नवऱ्याचं तसंच होतं. पण सुट्टीच्या दिवशी तो भरपूर झोपला की संध्याकाळी ताजातवाना असायचा. मित्रांचा फोन आला की खुलायचा. कुरकुरत का होईना, कामं करायचा. माझं वेगळं होतं. दहा-अकरा तास झोपूनही उठताना हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड. गोड आणि पिठूळ खाण्याची अशी ओढ, की पोट भरलेलं असतानाही हात तिकडेच जायचा, आणि वजन दर हिवाळ्यात वाढायचं. मुख्य म्हणजे जे आवडतं तेही नकोसं व्हायचं. जवळच्या मैत्रिणीचा फोन वाजताना बघत बसायचे आणि तो बंद झाला की हायसं वाटायचं. सोबत ‘आपण कुचकामी आहोत’ हे पालुपद. थकलेल्या माणसाला विश्रांती हवी असते आणि मिळाली की ती पुरते. मला ती पुरत नव्हती, आणि विश्रांतीनंतर काय करायचं याची इच्छाच उरलेली नव्हती.

डॉक्टरांनी लगेच दिवा सुचवला नाही, हे मला आवडलं. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं, कारण या तिन्हींमुळे असाच जडपणा येऊ शकतो. घोरण्याबद्दल विचारलं, म्हणजे झोपेत श्वास अडकतो का ते कळावं. मग मागच्या वर्षांचा हिशेब मांडायला लावला: कोणत्या महिन्यात उतरण लागली, कोणत्या महिन्यात आपोआप वर आले, आणि एरवी वर्षभरात असं कधी झालं का. ऋतूशी बांधलेलं डिप्रेशन म्हणण्यासाठी निदान सलग दोन वर्षं त्याच ऋतूत ते येऊन गेलेलं असावं लागतं, आणि त्या दोन वर्षांत इतर काळात आलेलं नसावं लागतं. त्यांचा आणखी एक प्रश्न मला फार नेमका वाटला: दर वर्षी त्याच महिन्यांत काही ठरावीक ताण येतो का, कामाचा, पैशाचा? तसं असेल तर दोष उजेडाचा नाही. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं. मनःस्थितीसाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-९ नावाची. ती मी तेव्हापासून दर रविवारी भरते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याच्या वर काहीही आलं तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा, दिव्यावर विसंबायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

आता दिवा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१०,००० लक्स’ लिहिलेलं असतं. लक्स हे उजेड मोजायचं एकक. हा आकडा दिव्याचा नसून तुमच्या डोळ्यांपाशी पोहोचणाऱ्या उजेडाचा असायला हवा, आणि खरी गोम इथेच आहे. मी घेतलेला पहिला दिवा पुस्तकाएवढा, दिसायला गोंडस. माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा आकडा १५ सेंटिमीटरवर मिळतो. १५ सेंटिमीटरवर तोंड धरून अर्धा तास बसून बघा! टेबलावर दिवा ठेवून आरामात बसलं की अंतर सहज ४० सेंटिमीटर होतं. छायाचित्रण करणाऱ्या एका मित्राचं उजेड मोजायचं यंत्र आणून तिथे मोजलं, तर साधारण २,५०० लक्स भरले. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्म्यावर थांबत नाही, जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. पॅनेल मोठं असेल तर घट जरा कमी असते, एवढंच.

मग २,५०० लक्स फुकट गेले का? तसंही नाही. हा आजार ज्या शोधनिबंधामुळे सर्वांना कळला तो मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये लिहिला, आणि सुरुवातीच्या त्या काळात २,५०० लक्सच वापरत. पण तेव्हा माणसं रोज निदान दोन तास दिव्यासमोर बसत. नंतर १०,००० लक्स आणि अर्धा तास हे प्रमाण रूढ झालं. गुणाकार करून बघा, दोन्हींचा हिशेब एकच येतो. म्हणजे माझ्या गोंडस दिव्यासमोर मी अर्धा तास बसले असते तर पाव मात्रा घेतली असती आणि ‘मला लागू पडत नाही’ म्हणून मोकळी झाले असते. दिव्याला वाईट अभिप्राय देणाऱ्या किती जणांचं असं होत असेल कोण जाणे. तो दिवा परत करून मी मोठं पॅनेल घेतलं, जे ३० सेंटिमीटरवर १०,००० लक्स देतं. अतिनील किरण गाळणारा पांढरा पडदा त्यावर आहे की नाही, हेही बघून घेतलं. निळ्या उजेडाचे खास दिवे मिळतात, पण साधा पांढरा उजेड पुरतो आणि डोळ्यांनाही सुसह्य असतो.

तुलनेसाठी: घरात दिवे लावून उजेड चांगला वाटतो तेव्हाही डोळ्यांपाशी १०० ते ५०० लक्सच असतात. बाहेर, आभाळ भरलेलं असलं तरी, दिवसा काही हजार असतात. आपले डोळे इतके पटकन जुळवून घेतात की हा फरक जाणवतच नाही. पण डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, ज्या चित्र बघण्यासाठी नसून उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्यासाठी आहेत. त्यांना हा फरक बरोबर कळतो. सकाळचा पुरेसा उजेड मिळाला नाही की अनेकांचं हे घड्याळ मागे सरकतं, आणि रात्रीच्या झोपेचा संप्रेरक मेलाटोनिन सकाळीही रेंगाळतो. उठावं लागतं सातला, पण शरीराच्या लेखी अजून पहाट असते. हे एकच कारण सगळ्या रुग्णांना लागू होत नाही, पण माझ्या लक्षणांशी ते जुळत होतं.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. उठल्यावर शक्यतो पहिल्या तासात बसायचं. दिवा समोर, किंचित बाजूला आणि नजरेच्या थोडा वर. डोळे उघडे ठेवायचे, पण दिव्याकडे टक लावायची नाही. मी वाचत बसायचे. पहिल्या तीन-चार सकाळी डोकं दुखलं आणि जरा मळमळलं, म्हणून पंधरा मिनिटांवर आणलं आणि आठवडाभरात पुन्हा अर्ध्या तासावर गेले. पहिला फरक सकाळच्या जडपणात पडला, साधारण आठवड्यात. मन उलगडायला त्याहून जास्त वेळ लागला. रविवारची बेरीज १६ वरून दुसऱ्या आठवड्यात १२ वर आणि महिनाभराने ६ वर आली. एकदा प्रवासाला दिवा नेला नाही, तर चौथ्या-पाचव्या दिवशी जडपणा परत. उजेडाचा साठा होत नाही, हंगाम संपेपर्यंत तो रोज लागतो. सकाळ हुकली म्हणून एकदा संध्याकाळी बसून पाहिलं, त्या रात्री दोनपर्यंत टक्क जागी होते.

सगळ्यात उपयोगी धडा हंगामाच्या शेवटी मिळाला. दिवस मोठे होऊ लागले, बाहेर लवकर उजाडू लागलं आणि मला पहाटे चारला जाग यायला लागली, झोप पूर्ण न होता. हे डिप्रेशन परतल्याचं लक्षण वाटून मी घाबरले होते, पण मन बरं होतं. डॉक्टर म्हणाले, घड्याळ जास्तच पुढे सरकलंय, मात्रा कमी करा. वेळ पंधरा मिनिटांवर आणली आणि बसायची वेळ तासभर उशिराची केली, जाग पुन्हा सहावर आली. थोड्याच आठवड्यांत दिवा बंद केला आणि सकाळी बाहेर चालणं सुरू ठेवलं.

कुणी परस्पर वापरू नये तेही सांगते. स्वतःला किंवा घरात कुणाला कधी उन्मादाचे झटके आले असतील, म्हणजे झोप न लागता अफाट उत्साह, बेफाम खर्च असे दिवस गेले असतील, तर डॉक्टरांशिवाय अजिबात नाही. सकाळच्या तेज उजेडाने तो उन्माद पेटू शकतो. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल किंवा उजेडाला संवेदनशील करणारं औषध चालू असेल (लिथियम, काही प्रतिजैविकं) तर आधी नेत्रतज्ज्ञ. आणि काहींना डिप्रेशन उन्हाळ्यात येतं, झोप आणि भूक उडते. त्यांच्यासाठी हा दिवा नाही.

दिव्यात खटकलेल्या गोष्टी दोनच. टायमरचा आवाज कर्कश आहे आणि स्टँडचा कोन महिनाभरात ढिला पडतो, त्यामुळे पॅनेल हळूहळू खाली झुकतं. मी मागे पुस्तकं लावली. अंतर मोजायला टेबलाच्या कडेला चिकटपट्टीची खूण केली आहे, नाहीतर खुर्ची रोज थोडी मागे जाते.

पुढच्या हंगामासाठी ठरलं आहे ते असं: दर वर्षी उतरण ज्या आठवड्यात लागते त्याच्या दोन आठवडे आधीच दिवा सुरू करायचा. पूर्ण मात्रा घेऊनही सलग दोन रविवारी बेरीज १० च्या वर राहिली तर डिप्रेशनवरची गोळी सुरू करायची, त्याबद्दल मला आता वावडं नाही. शिवाय विचारांवर काम करणारी उपचारपद्धती, सीबीटी, हिवाळ्याच्या आधी घ्यायला डॉक्टरांनी सुचवलं आहे. दिव्याशी तिची तुलना करणाऱ्या अभ्यासात पहिल्या हंगामात दोन्ही सारखेच ठरले, पण दोन हिवाळ्यांनंतर सीबीटी घेतलेल्यांमध्ये आजार कमी जणांना परतला. तिचे पैसे भरले आहेत. दिवा खोक्यात आहे, चिकटपट्टी टेबलावर तशीच ठेवली आहे.