स्वस्त टीव्हीवरचं एचडीआर: सात-आठ महिने वापरल्यानंतर

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात सध्या ४३ इंची फोर-के टीव्ही आहे. किंमत २५ हजारांच्या आत आणि खोक्यावर ‘एचडीआर १०’चा, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेल्या चित्राचा, शिक्का. बातम्या, क्रिकेट, मराठी मालिका या सगळ्यासाठी टीव्ही झकास आहे, तक्रार नाही. त्या शिक्क्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण दुकानात हे कुणी समजावून सांगत नाही.

पडद्याचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. नेहमीचं चित्र, म्हणजे एसडीआर, सुमारे १०० निट्स उजेड धरून तयार केलेलं असतं. एचडीआर सिनेमे बहुधा १००० निट्सपर्यंत, काही तर ४००० निट्सपर्यंत जाणाऱ्या मॉनिटरवर तयार होतात. म्हणून सगळं चित्र लख्ख होतं असं नाही. माणसाचा चेहरा, भिंत, झाडं साधारण पूर्वीइतकीच उजळ राहतात. जास्तीचा उजेड राखून ठेवलेला असतो तो दिव्याची ज्योत, गाडीचा हेडलाइट, पाण्यावरची चमक यांच्यासाठी. शेजारचा अंधार अंधारच राहिला, तरच ती चमक डोळ्यांत भरते.

आमच्या टीव्हीचं पॅनेल ३०० निट्सचं आहे, आणि मागचा बॅकलाइट अख्ख्या पडद्याला एकच. महागड्या टीव्हीत तो लहान लहान भागांत विभागलेला असतो आणि प्रत्येक भाग वेगळा मंद करता येतो. त्याला लोकल डिमिंग म्हणतात. या किमतीत ते जवळपास मिळतच नाही.

रामकुंडावर संध्याकाळी फोनने काढलेला एक एचडीआर व्हिडिओ मी पेनड्राइव्हवरून लावून पाहिला. काळं पाणी, त्यावर सोडलेले दिवे. फोनवर ज्योतीचा पिवळा गाभा आणि भोवतीची नारिंगी कड वेगळी दिसते. टीव्हीवर ज्योतीच्या जागी नुसता पांढरा ठिपका उरतो. ३०० च्या वरचं सगळं टीव्हीला कुठेतरी कोंबावं लागतं. काही टीव्ही ते दाबून बसवतात, त्यात चित्र थोडं मंदावतं. आमचा ते सरळ कापून टाकतो.

त्याहून खटकतं ते पाणी. एचडीआर सुरू झालं की बॅकलाइट पूर्ण चढतो. आमचं पॅनेल आयपीएस प्रकारचं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, साधारण १००० ला १. म्हणजे ३०० निट्सवर त्याचा ‘काळा’ ०.३ निटचा होतो. रात्री एसडीआरमध्ये मी बॅकलाइट १०० निट्सच्या आसपास उतरवतो, तेव्हा तोच काळा ०.१ वर येतो. एचडीआर लावल्यावर अंधार तिप्पट उजळ! गोदावरीचं पाणी राखाडी दिसतं ते यामुळेच. सिडकोत ताईकडे याच किमतीचा टीव्ही आहे, पण व्हीए पॅनेलचा. तिथे कॉन्ट्रास्ट ४००० ला १ धरला, तर पूर्ण उजेडातही काळा ०.०७५ निटवर राहतो. तोच व्हिडिओ तिच्याकडे लावला. ज्योत तशीच पांढरी, पण पाणी खरोखर काळं. एवढ्या फरकाने दृश्यात जान येते.

दिवसा वेगळीच अडचण. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. एसडीआरमध्ये ऊन आलं की उजेड वाढवता येतो, १०० साठी बनवलेलं चित्र टीव्ही ३०० पर्यंत चढवतो. एचडीआर १० मध्ये मात्र कोणता ठिपका किती निट्सचा हे सिग्नलमध्येच ठरलेलं असतं आणि बॅकलाइट आधीच टोकाला गेलेला असतो. त्यामुळे दुपारी एचडीआर सिनेमा एसडीआरपेक्षा काळपट दिसतो. ‘टीव्ही बिघडला का?’ असं घरी विचारलं गेलं ते यावरूनच. बिघाड काही नाही. आम्ही दुपारी स्ट्रीमिंग स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर बंद करतो आणि चेहरे पुन्हा स्वच्छ दिसतात. त्याच सेटिंगमध्ये ‘नेहमी एचडीआर’ असा पर्याय असतो, तो कधीच ठेवू नका. त्यात साध्या मालिकाही एचडीआरच्या साच्यात जातात आणि बॅकलाइट विनाकारण पूर्ण जळत राहतो.

डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच दुसऱ्या प्रकाराचा शिक्का असेल तर थोडा फायदा होतो. प्रत्येक दृश्याची उजेडाची माहिती सोबत येते, त्यामुळे कापाकापी जरा शहाणपणाने होते. पॅनेलचे निट्स त्याने वाढत नाहीत.

एवढ्या बजेटमध्ये घ्यायचाच असेल तर शिक्के मोजू नका, व्हीए पॅनेल आहे का ते विचारा. खरं एचडीआर हवं असेल तर लोकल डिमिंग आणि किमान ६०० निट्स पाहा. त्यासाठी बजेट बरंच वाढवावं लागेल. दुकानातला डेमो व्हिडिओ भडक रंगांचा आणि उजेडाचा असतो, त्यावरून काही कळत नाही. पेनड्राइव्हवर स्वतःचं रात्रीचं एचडीआर शूटिंग न्या, दुकानदाराला पिक्चर मोड ‘सिनेमा’वर ठेवायला सांगा आणि दिवा असलेल्या दृश्यावर पॉज करा. दिव्याच्या आत काही दिसतं का आणि अंधाराचा कोपरा राखाडी पडतो का, एवढंच बघायचं. शक्य असेल तर त्या भागातले दुकानातले दिवे मिनिटभर घालवायला सांगा. लख्ख उजेडात आयपीएस आणि व्हीए सारखेच दिसतात.