ब्रँड सेफ्टीच्या नावाखाली ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला कसं गंडवलं

आमचा पुण्यात धायरीला वॉटरप्रूफिंगचा धंदा आहे, टेरेस, बाथरूम, बाहेरच्या भिंतींचे तडे वगैरे. साईट नवरा बघतो, ऑफिस आणि हिशोब मी. आमचं वर्ष मे आणि जूनवर चालतं, पहिला पाऊस झाला की लोकांना छत आठवतं आणि फोन सुरू होतात. यंदा ब्रँड सेफ्टी, म्हणजे नको त्या व्हिडिओजवळ आपली जाहिरात येऊ नये अशी सोय, हिच्या नावाखाली हेच दोन महिने आमच्या हातून गेले आणि ते कसे गेले ते सविस्तर लिहितेय कारण आमच्यासारखे छोटे धंदेवाले या गोष्टीत अगदी सहज अडकू शकतात, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही.

एप्रिलपासून एका एजन्सीकडे यूट्यूबच्या जाहिराती दिल्या होत्या. नाव लिहित नाही, प्रकरण अजून चालू आहे. बजेट रोजचं 1500, म्हणजे महिन्याचे 45,000, ते आम्ही त्यांना आधीच ट्रान्सफर करायचो आणि त्यांची फी वेगळी. अकाउंट त्यांनीच उघडलेलं, आमच्या हातात फक्त पंधरा दिवसांनी येणारी पीडीएफ. इथेच पहिली चूक झाली पण तेव्हा काम येत होतं म्हणून लक्ष गेलं नाही, 1 ते 14 मे मध्ये 21,000 रुपयात जाहिरात 3 लाख वेळा दिसली आणि 62 फोन आले.

मग 13 मेला त्यांचा मुलगा ऑफिसला आला. म्हणाला, वहिनी, हे बघा, आणि मोबाईलवर एक स्क्रीनशॉट दाखवला, भीषण अपघाताची बातमी आणि त्याच्या आधी आमची जाहिरात, आमचा लोगो. खरं सांगते, पोटात गोळा आला. कोणाच्या तरी घरचं माणूस गेलंय आणि वर आमचं "गळती बंद, 10 वर्षांची हमी". तो म्हणाला की मोठ्या कंपन्या यासाठी वेगळे पैसे मोजतात, आमचं ब्रँड सेफ्टी शिल्ड आहे, महिन्याला 9,500 अधिक जीएसटी, तीन महिन्यांचे आगाऊ द्या. 33,630 रुपये मी त्याच दिवशी दिले, नवऱ्याला न विचारता, हे मला अजून लागतं.

17 मेपासून शिल्ड चालू झालं आणि फोन बंद पडल्यासारखे झाले. 30 मेपर्यंत फक्त 11. त्यात मे अखेरीस दोनदा चांगला पाऊस झाला होता, सिंहगड रोडला पाणी साचलं होतं, म्हणजे फोन वाढायला हवे होते. एजन्सीला विचारलं तर पीडीएफ आली, त्यात मोठ्या हिरव्या आकड्यात लिहिलेलं, 56,000 सुरक्षित व्ह्यू आणि 2,44,000 असुरक्षित व्ह्यू ब्लॉक केले. मला वाटलं बापरे, एवढ्या घाण व्हिडिओवर आपली जाहिरात जात होती! आणि मी जूनचे 45,000 ही पाठवले. फोन कमी होते तरी ते समजावायचे की आता येणारे फोन दर्जेदार आहेत, थोडा धीर धरा, आणि मी धरला.

माझा मामेभाऊ बाणेरला एका कंपनीत जाहिरातींचंच काम करतो. जूनच्या शेवटी एका लग्नात भेटला, त्याला पीडीएफ दाखवली. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ताई, 3,00,000 मधून 56,000 वजा कर. उत्तर 2,44,000. म्हणजे त्यांनी काही मोजलंच नव्हतं, आधीपेक्षा जेवढ्या लोकांपर्यंत जाहिरात पोचली नाही तेवढ्यांना "असुरक्षित" म्हणून टाकलं होतं. त्याने सांगितलं की जाहिरात कुठे दाखवायची नाही ते ठरवणाऱ्या गूगलच्या सेटिंगमध्ये "इतके वाईट व्ह्यू अडवले" असा रिपोर्टच मिळत नाही, मोठ्या कंपन्या बाहेरची तपासणी करणारी वेगळी कंपनी लावतात तेव्हा तसले आकडे येतात. आपल्यासारख्यांच्या रिपोर्टमध्ये असा आकडा दिसला तर तो कुठून आला हे विचारा.

आणि मुख्य म्हणजे हे शिल्ड नावाचं काही नसतंच. गूगल अ‍ॅड्समध्ये Content suitability नावाचं पान आहे, फुकट आहे, प्रत्येक अकाउंटला असतं. त्यात तीन पायऱ्या असतात. Expanded inventory म्हणजे जास्तीत जास्त व्हिडिओंवर जाहिरात, Standard inventory म्हणजे बहुतेक धंद्यांना चालेल असं, हीच आपोआप लागलेली असते, आणि Limited inventory म्हणजे शिवीगाळ, हिंसा अशा विषयांची जरा जास्त छटा असली तरी तो व्हिडिओ बाद. एक टिक करायला मिनिटभर लागतं. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणाला (लहान आहे पण आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) की हा प्रकार मुळात वाईट नाही, 2017 च्या सुरुवातीला लंडनच्या द टाइम्सने दाखवलं की मोठमोठ्या ब्रँडच्या जाहिराती अतिरेकी व्हिडिओंवर चालतायत, कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या, आणि त्यानंतर असे कंट्रोल बरेच वाढले. पण प्रत्येक टिकला किंमत आहे, ती किंमत म्हणजे आपली माणसं.

मग आम्ही अकाउंट बघायला मागितलं. "पॉलिसीत बसत नाही" म्हणाले. इथे दादाने सांगितलेली गोष्ट सगळ्यांनी लिहून ठेवा, गूगलच्या नियमानुसार जाहिरात सांभाळणाऱ्या एजन्सीने ग्राहकाने मागितल्यावर त्याचा कस्टमर आयडी, म्हणजे जाहिरातीच्या अकाउंटचा नंबर, द्यायला लागतो, आणि महिन्यातून एकदा तरी खर्च, क्लिक, किती वेळा दिसली हे आकडे द्यायलाच लागतात. नाही दिले तर गूगलकडे तक्रारीचा फॉर्म आहे. हे ईमेलवर लिहून पाठवलं, वर वकिलाचं नाव घातलं, तेव्हा बारा दिवसांनी, 10 जुलैला, फक्त बघण्याचा अ‍ॅक्सेस मिळाला.

Change history, म्हणजे अकाउंटमध्ये कधी काय बदललं त्याची नोंद, उघडलं तर 16 मेला दुपारी सव्वा चार ते साडेचार, पंधरा मिनिटांत सगळं केलेलं. Limited inventory. लाइव्ह स्ट्रीम बंद. दुसऱ्या वेबसाईटवर लावलेले व्हिडिओ बंद. Content not yet labeled, म्हणजे कोणत्या वयाला योग्य हे लेबलच ज्याला अजून लागलं नाही असं सगळं, तेही बंद. बातम्यांचा विषय बंद. आणि वर टाळायच्या 300 शब्दांची यादी, बरेचसे इंग्रजी, war, attack, death असले, कुठूनतरी उचललेले, आणि शेवटी मराठीत टाकलेले मृत्यू, पूर, पाऊस, कोसळली, भिंत, गळती.

गळती! अहो आम्ही गळतीच बंद करतो. वायुगळतीची बातमी टाळायला तो शब्द घातला असेल, पण यंत्र शब्द बघतं, अर्थ बघत नाही, "छताची गळती कशी ओळखावी" असा एखाद्याने घरगुती सल्ल्याचा व्हिडिओ टाकला असेल तर तोही गेला. तो व्हिडिओ बघणारा माणूस तर आमचा सगळ्यात जवळचा गिऱ्हाईक. 2020 मध्ये जगभर हेच झालं होतं, ब्रँडनी coronavirus हा शब्दच ब्लॉक केला आणि चांगल्या बातम्या देणाऱ्यांच्याही जाहिराती गेल्या.

आणि बातम्या. आमचं गिऱ्हाईक कोण, तर सोसायटीचे सेक्रेटरी, रिटायर्ड काका, बंगलेवाले. ते संध्याकाळी टीव्हीवर यूट्यूब लावून मराठी बातम्यांचं लाइव्ह बघतात, पावसात तर दिवसभर, खडकवासल्यातून किती पाणी सोडलं ते बघायला. बातमीचा व्हिडिओ चालतो तोही पहिल्या काही तासांत, कदाचित लेबल लागायच्या आधीच, उद्या कोणी बघत नाही. लाइव्ह बंद, बातम्या बंद, लेबल न लागलेलं बंद, म्हणजे आमचे काका जिथे बसलेत ती खोलीच बंद.

मग पैसे कुठे गेले? प्लेसमेंटच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे जाहिरात कुठे कुठे दिसली त्या यादीत, पहिल्या 20 चॅनेलपैकी 13 लहान मुलांच्या गाण्यांची आणि कार्टूनची. सगळ्यात "सुरक्षित" तेच असतं ना. तीन वर्षांचं पोर आईचा मोबाईल घेऊन आमची केमिकल कोटिंगची जाहिरात बघत होतं. आणि ज्या अपघाताच्या चॅनेलचा स्क्रीनशॉट मला दाखवला त्याचं नाव मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या यादीत मला कुठेच सापडलं नाही. स्क्रीनशॉट बनवणं काही अवघड नाही.

पण सगळ्यात मोठा धक्का खर्चाच्या रकान्यात होता. सगळीकडे कुलूप लावल्यामुळे जाहिरातीला जागाच मिळत नव्हती, रोजचे 1500 संपतच नव्हते, सरासरी 640 खर्च होत होते. हजार वेळा दिसायला आधी 70 रुपये पडायचे ते 160 झाले होते. 17 मे ते 10 जुलै 55 दिवस, आमच्याकडून हिशोबाने घेतले 82,500, गूगलला गेले 35,200. उरलेले 47,300 एजन्सीकडेच. शिल्ड जितकं घट्ट तितकी त्यांची बचत जास्त, हे मला त्या दिवशी कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

दादाने माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डवर नवीन अकाउंट उघडून दिलं आणि मुद्दाम आधी तीच सगळी सेटिंग लावली. चार दिवस रोज 650 च्या आसपास खर्च. मग फक्त Limited चं Standard केलं, 980. मग लाइव्ह, लेबल नसलेलं आणि बातम्या उघडल्या, 1350. मग शब्दांची यादी काढली, 1500 पूर्ण. चार-चार दिवस हा फार लहान काळ आहे आणि पावसाचाही फरक पडतो, त्यामुळे कुठल्या टिकने नेमकं किती खाल्लं हे यावरून छातीठोक सांगता येणार नाही असं तो स्वतःच म्हणाला. पण एकावेळी थोडंथोडंच बदलून बघायचं ही पद्धत चांगली आहे, सगळं एकदम लावलं की काय नडलं ते कधीच कळत नाही.

आता आमचं Standard वर आहे. मुलांची चॅनेल मी स्वतः दर सोमवारी यादी बघून काढते, अर्धा तास जातो. बातम्या चालू आहेत. Standard म्हणजे शंभर टक्के खात्री नाही, एखाद्या वाईट बातमीच्या शेजारी जाहिरात येऊ शकते, ते मी मान्य केलंय. पण एक गोष्ट हाताने करते. 25 जुलै 2024 ला एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा आमच्या ओळखीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, माणसं कपड्यानिशी बाहेर पडली होती. तसा दिवस आला की पूर्ण कॅम्पेन बंद करायचं, बटण माझ्या मोबाईलमध्ये आहे, दोन-तीन दिवसांचे फोन गेले तरी चालतील.

एजन्सीला वकिलाची नोटीस गेलीय, 47,300 आणि शिल्डचे 33,630. त्यांनी शिल्डचा शेवटचा महिना परत केला, 11,210 रुपये, बाकीचं "सर्व्हिस चार्ज" म्हणतायत. गूगलचा फॉर्मही भरलाय. तुमची जाहिरात कोणी दुसरं चालवत असेल तर आजच कस्टमर आयडी मागा, आणि मिळाला की आधी खर्चाचा रकाना तुमच्या बिलाशेजारी धरून बघा.