व्हाउचर 'स्वीकारलं' आणि हॉटेल-तिकिटाचे पैसे बुडाले

आमचं पहिलं विमान अकरा तास उशिरा सुटलं. तांत्रिक बिघाड, असं सांगितलं. आम्ही उतरलो तेव्हा पुढचं विमान कधीच निघून गेलं होतं. दोन्ही उड्डाणं एकाच कंपनीची, एकाच पीएनआरवर, म्हणजे आम्हाला पुढे पोचवणं हे त्यांचंच काम. पण ट्रान्सफर डेस्कवर रात्री दोन वाजता आमच्यापुढे मोठी रांग होती. नंबर लागला तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, दोन दिवस आमच्या विमानात जागा नाही, आमची हॉटेलंही भरलीत. तुम्ही तुमची सोय करा, बिलं जपून ठेवा, कंपनी पैसे देईल."

मी तिच्या शब्दावर विसंबले. नवऱ्याने मात्र तिथेच उभं राहून कंपनीला मेल केला: तुमच्याकडे दोन दिवस जागा नाही असं डेस्कवर सांगितलं, म्हणून आम्ही दुसऱ्या कंपनीने जात आहोत, आमचं परतीचं तिकीट चालू ठेवा. ॲपवर पुढच्या दोन दिवसांच्या विमानांपुढे 'जागा नाही' दिसत होतं, त्याचाही स्क्रीनशॉट घेतला. परतीचं लिहून घेणं फार गरजेचं असतं. तुम्ही मधला टप्पा न कळवता सोडलात तर तुमची नोंद 'नो-शो' अशी होते आणि पुढची सगळी तिकिटं रद्द होऊ शकतात.

एक रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी दुसऱ्या कंपनीची दोन तिकिटं काढून पोचलो. घरी आल्यावर प्रत्येकाचा वेगळा दावा भरला. दहाव्या दिवशी दोघांनाही सारखाच मेल आला. वर दिलगिरी, मधोमध व्हाउचरची रक्कम ठळक आकड्यात आणि त्याखाली मोठं हिरवं बटण: 'स्वीकारा'. मला वाटलं, हे गैरसोयीबद्दल वेगळं देताहेत, बिलांचे पैसे मागून येतील. मी बटण दाबलं. बटणाच्या खाली, राखाडी रंगाच्या बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'या प्रवासासंबंधीचे सर्व दावे पूर्ण व अंतिमरीत्या मिटल्याचे मी मान्य करतो.' ती मी महिन्याभराने वाचली, बिलांचं काय झालं म्हणून विचारल्यावर. व्हाउचरमधून माझ्या नव्या तिकिटाचा चौथा हिस्साही निघत नव्हता. वर ते फक्त त्याच कंपनीच्या तिकिटावर, एका वर्षात वापरायचं.

मी भांडले. मग नियम नीट वाचले, तेव्हा कळलं की माझा दावा का अडकला. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी 1999 चा माँट्रियल करार लागू होतो. त्याच्या कलम 19 नुसार उशिरामुळे झालेलं नुकसान कंपनीने भरून द्यायचं असतं. हॉटेल, जेवण, नवं तिकीट असा प्रत्यक्ष झालेला खर्च बिलांसह दाखवावा लागतो. नुसत्या मनस्तापाचे पैसे त्यात धरू नका. 28 डिसेंबर 2024 पासून माणशी कमाल मर्यादा 6,303 एसडीआर आहे; एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. 'आम्ही असा खर्च देत नाही' असं कंपनीने तिकिटाच्या अटींत आधीच छापून ठेवलं असेल, तर कलम 26 मुळे ती अट बाद ठरते. पण हे संरक्षण आधी घातलेल्या अटींपासून आहे. नुकसान झाल्यानंतर तुम्ही स्वतः तडजोड मान्य केलीत तर ते कलम तुम्हाला वाचवत नाही. कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच ते बटण असं ठेवलेलं असतं. याला मी फसवणूकच म्हणते.

नवऱ्याने बटण दाबलं नव्हतं. त्याने उत्तरात लिहिलं, 'व्हाउचर नको, खर्चाची रक्कम बँक खात्यात द्या.' आधी नकार आला: तांत्रिक बिघाड आमच्या हाताबाहेरचा होता. त्याने कलम 19 चं पुढचं वाक्य दाखवलं. नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सगळे वाजवी उपाय केले, हे कंपनीने सिद्ध करायचं असतं, प्रवाशाने नव्हे. शिवाय बिघाड झाला हे मान्य केलं, तरी दोन दिवस दुसऱ्या कंपनीच्या विमानात का बसवलं नाही? त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, कारण सकाळच्या विमानात जागा होती आणि आमची नवी तिकिटंच त्याचा पुरावा होती.

अकरा आठवड्यांनी पैसे आले. त्याच्या तिकिटाचे पूर्ण आणि हॉटेलच्या बिलाचे बरोबर निम्मे, मिनीबारचं पाणी वगळून. एकाच खोलीचं एकच बिल, पण माझा निम्मा हिस्सा 'मिटलेल्या' दाव्यात गेला.

तुम्हाला असा मेल आला तर बटणाला हात लावू नका. दावा कोर्टात नेण्यासाठी पोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षं असतात, त्यामुळे 'ऑफर सात दिवसांत संपेल' या ओळीला घाबरायचं कारण नाही. त्याच मेलला उत्तर म्हणून एवढंच लिहा: 'ही तडजोड मला मान्य नाही. सोबतच्या बिलांची रक्कम खात्यात जमा करा, किंवा कोणते उपाय केलेत ते पुराव्यासह कळवा.'