साइट हलवताना नेमसर्व्हर बदलावेत की नुसता ए रेकॉर्ड?

नवं होस्टिंग घेतलं की पहिल्याच मेलमध्ये दोन नेमसर्व्हरची नावं येतात आणि ती डोमेनला लावायला सांगितलेलं असतं. मेलबॉक्सही त्याच होस्टकडे न्यायचे असतील तर ठीकच आहे. पण साइट एकीकडे आणि ऑफिसचा मेल भलत्याच सेवेकडे असेल, तर जरा थांबावं. इथे दोन पर्याय असतात. एक, नेमसर्व्हर बदलायचे आणि सगळा झोन, म्हणजे डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदींची यादी, नव्या ठिकाणी उभा करायचा. दुसरा, झोन आहे तिथेच ठेवून फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, नव्या आयपीकडे वळवायचा. मी दोन्ही प्रकारांनी साइट हलवल्या आहेत.

नेमसर्व्हर बदलण्याचे फायदे खरे आहेत. सगळं एकाच पॅनलमध्ये दिसतं, होस्टने उद्या सर्व्हरचा आयपी बदलला तर ए रेकॉर्ड तोच दुरुस्त करतो, वाइल्डकार्ड प्रमाणपत्राचं नूतनीकरणही आपोआप होतं. काही सीडीएन सेवांना तर नेमसर्व्हर त्यांचेच लागतात, तिथे निवडीचा प्रश्नच उरत नाही.

अडचण अशी की नेमसर्व्हर बदलल्याने एकही रेकॉर्ड इकडून तिकडे जात नाही. या डोमेनबद्दल यापुढे कुणाला विचारायचं, एवढंच जगाला कळतं. नव्या ठिकाणचा झोन बहुधा होस्टच्या साच्यातून तयार झालेला असतो. जुन्या झोनमध्ये समजा एमएक्स, म्हणजे डोमेनचा मेल कुठे पोचवायचा ते सांगणारे रेकॉर्ड, असे होते:

```
example.com.  3600   MX  10 mx1.example.net.
example.com.  3600   MX  20 mx2.example.net.
```

आणि नव्या झोनमध्ये साच्यातून हे आलं:

```
example.com.  14400  A   203.0.113.20
example.com.  14400  MX  0 example.com.
```

म्हणजे एमएक्स नाही असं नाही, तो आहे, पण वेबसर्व्हरकडेच बोट दाखवतोय. पॅनलमध्ये वरवर पाहणाऱ्याला ‘एमएक्स आहे की’ असंच वाटतं. तो अजिबात नसता तरी मेल जाणार तिथेच होता. एमएक्स सापडला नाही तर मेल थेट डोमेनच्या ए रेकॉर्डवर न्यायचा, असा एसएमटीपीचा नियमच आहे.

मला खरा वैताग आला तो पुढच्या गोष्टीचा. मेल एकदम बंद पडला असता तर निदान लगेच कळलं असतं. इथे तो अर्धवट बंद पडतो. .com च्या बाबतीत नेमसर्व्हरची वरच्या पातळीवरची नोंद १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस कॅशमध्ये राहू शकते. ज्या पाठवणाऱ्याच्या रिझॉल्व्हरकडे जुनी नोंद आहे, तो जुन्या झोनला विचारतो आणि त्याचा मेल बिनबोभाट पोचतो. शेजारच्या कंपनीचा रिझॉल्व्हर नव्याने विचारतो आणि तिचा मेल वेबसर्व्हरच्या दारात जाऊन उभा राहतो. शिवाय आपल्याकडून मेल बाहेर जात असतो, कारण पाठवताना आपला एमएक्स कुणी पाहत नाही. साइटही छान उघडते. मग सगळे म्हणतात डीएनएस बरोबर आहे, मेलवाल्यांनाच विचारा. मेलवाले म्हणतात आमच्याकडे काही आलंच नाही, आणि तेही खरंच असतं.

एका संस्थेच्या डोमेनचं हे निस्तरताना सर्वात जास्त छळलं ते साइटवरच्या संपर्क फॉर्मने. फॉर्मचे मेल नव्या सर्व्हरवरूनच निघत होते. त्या सर्व्हरला वाटत होतं की example.com चा मेल आपल्याच घरचा आहे, म्हणून तो बाहेर कुठेही न विचारता स्वतःच्याच मेलबॉक्समध्ये टाकत होता. पुढे एमएक्स दुरुस्त केला तरी हे थांबेना. शेवटी पॅनलमध्ये मेल राउटिंग ‘लोकल’वरून ‘रिमोट’वर नेलं तेव्हा कुठे फॉर्म ताळ्यावर आला.

वाट चुकलेल्या मेलचं काय होतं, हे वेबसर्व्हरवर ठरतं. पोर्ट २५ बंद असेल तर नशीब म्हणायचं. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तेवढ्यात एमएक्स सुधारला तर मेल उशिरा का होईना, पोचतो. पोर्ट उघडं असेल आणि सर्व्हर 550 असं ठाम उत्तर देत असेल, तर मेल तिथेच परत फिरतो आणि पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवला तरच मिळतो. सर्वात वाईट म्हणजे तिथे कॅच-ऑल, म्हणजे कुठल्याही पत्त्यावरचा मेल एकाच पेटीत घेणारी सोय, चालू असणं. मग परतही जात नाही, पोचतही नाही, कुणी न उघडलेल्या पेटीत साचत राहतो. तेव्हा आधी ती पेटी बघा.

अशा वेळी घाबरून नेमसर्व्हर जुने करू नयेत, असं माझं मत आहे. ज्यांच्याकडे नवी नोंद पोचली आहे त्यांच्यासाठी पुन्हा तोच दोन दिवसांपर्यंतचा गोंधळ सुरू होतो. नव्या झोनमध्येच एमएक्स नीट करावा. वरच्या उदाहरणात चुकीचं उत्तर १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास कॅशमध्ये टिकेल, त्यापुढे नाही.

आता ए रेकॉर्डची बाजू. आदल्या दिवशी त्याचा टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद कॅशमध्ये राहू शकतं तो आकडा, ३०० करायचा, दुसऱ्या दिवशी आयपी बदलायचा. काही बिघडलं तर साधारण पाच मिनिटांत मागे येता येतं, आणि मेलला कुणी हातच लावलेला नसतो. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असे मेलचा खरेपणा पटवणारे रेकॉर्ड, सगळं जागच्या जागी राहतं. माझा कल इकडे आहे तो मुख्यतः एवढ्याचसाठी.

हीही वाट अगदी निर्धोक नाही. जुन्या झोनमध्ये एमएक्स स्वतः example.com कडेच दाखवत असेल, किंवा mail हे नाव त्याचंच सीनेम, म्हणजे टोपणनाव, असेल, तर ए रेकॉर्ड बदलताच मेलही हलतो. म्हणून mail ला आधी जुन्या आयपीचा स्वतंत्र ए रेकॉर्ड द्यायचा, एमएक्स त्याच्याकडे वळवायचा, मगच साइट हलवायची. आणि झोन जुन्या होस्टकडे असेल तर ते खातं बंद करताच झोनही जाईल. तिथे नेमसर्व्हर कधी ना कधी बदलावेच लागतील. तसं असेल तर झोन नव्या होस्टकडे नेण्यापेक्षा डोमेन जिथे नोंदवलं आहे त्या रजिस्ट्रारकडे नेलेला मला बरा वाटतो, म्हणजे पुढच्या वेळी होस्ट बदलला तरी तो हलत नाही.

नेमसर्व्हर बदलायचेच असतील तर जुना झोन फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून घ्या. ‘रेकॉर्ड आपोआप शोधा’ या बटणावर विसंबू नका. ते ओळखीची नावं विचारून पाहतं. डीकेआयएम रेकॉर्डच्या नावातला सिलेक्टर त्याला ठाऊक नसेल तर तो रेकॉर्ड राहूनच जातो. एमएक्स हाताने भरताना नावाच्या शेवटचा टिंब विसरलात तर काही ठिकाणी त्याचं mx1.example.net.example.com होतं. डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएस उत्तरांवरची डिजिटल सही, चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा जुना डीएस रेकॉर्ड आधी काढा आणि त्याचा टीटीएल संपू द्या, नाहीतर मेलसोबत साइटही जाते. मग बदल करण्याआधीच दोन्हीकडे थेट विचारा:

```
dig +short MX example.com @ns1.oldhost.example
dig +short MX example.com @ns1.newhost.example
```

दोन्ही उत्तरं सारखी आली, तरच रजिस्ट्रारचं पॅनल उघडा. जुना झोन त्यानंतर आठवडाभर तरी तसाच चालू ठेवा.