पोल खोडायचा की हलवायचा?

माझा भाचा नांदेडला इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला, "मामा, ग्राफ तर एकदम भारी यायलाय, पण सर म्हणतात हा कंट्रोलर चालणार नाही. कुठं चुकलं?" प्रोजेक्ट आहे उष्णता सोडणाऱ्या रिॲक्शनच्या भांड्याचं तापमान सांभाळण्याचा. त्याच्यापुढे दोन कंट्रोलर होते, त्यातला एक निवडायचा होता. मी वाळूजला याच कामात असल्यामुळे दोन्ही कागदावर मांडून पाहिले. ग्राफ खरंच भारी होता, आणि सरांचं म्हणणंही बरोबर होतं.

आधी भांडं समजून घेऊ. आत रिॲक्शन चालू असते, बाहेरच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरतं. तापमान थोडं वाढलं की रिॲक्शन जोर धरते, जास्त उष्णता सोडते आणि तापमान आणखी वाढतं. जॅकेट तेवढ्या वेगाने उष्णता ओढू शकलं नाही, तर ठरवलेल्या तापमानावर भांडं आपणहून टिकत नाही. त्या बिंदूभोवतीचं सोपं मॉडेल `x' = x + u + d` असं. यात `x` म्हणजे ठरवलेल्या तापमानापासूनचा फरक अंश सेल्सिअसमध्ये, `u` म्हणजे जॅकेटने दिलेली किंवा काढलेली उष्णता आणि `d` म्हणजे बाहेरचा त्रास. वेळेचं एक एकक म्हणजे 10 मिनिटं. ट्रान्सफर फंक्शन झालं `P = 1/(s-1)`, म्हणजे पोल +1 वर, उजव्या बाजूला.

`d` कुठून येतो हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात दुपारी कूलिंग टॉवरचं पाणी सकाळइतकं थंड राहत नाही. व्हॉल्व्ह तेवढाच उघडा असला तरी जॅकेट कमी उष्णता ओढतं.

भाच्याचा पहिला कंट्रोलर `C = 2(s-1)/s`. कल्पना साधी: नको असलेल्या पोलवर बरोबर एक झिरो ठेवायचा, दोन्ही कटतील. गुणाकार उरतो `2/s` आणि बंद लूपचं ट्रान्सफर फंक्शन `2/(s+2)`. सेटपॉइंट एक अंशाने वाढवला की तापमान जराही पुढे न जाता साधारण 20 मिनिटांत स्थिरावतं. फेज मार्जिन 90 अंश, गेन मार्जिन अमर्याद. असा ग्राफ पाहून कोणीही खूश होईल.

दुसरा कंट्रोलर साधा पीआय, `C = (5s+4)/s`. यात काही कटत नाही. छेदाचं समीकरण `s(s-1) + 5s + 4 = (s+2)²` होतं, म्हणजे पोल फीडबॅकने उचलून -2 वर नेला. पण त्याचा ग्राफ ओबडधोबड आहे. एक अंशाच्या पायरीला तापमान आठ मिनिटांच्या आसपास 1.28 अंशांपर्यंत जातं, मग खाली येतं. नुसते ग्राफ पाहिले तर कोणीही पहिलाच उचलेल.

आता पहिल्या लूपच्या आत बघू. त्यात आठवण ठेवणाऱ्या दोन गोष्टी आहेत: भांड्याचं तापमान `x`, आणि कंट्रोलरमधला इंटिग्रेटर `z`, ज्यात चूक साठत जाते. `r` म्हणजे सेटपॉइंट. `C` म्हणजे `2 - 2/s`, म्हणून `u = 2(r-x) - 2z` आणि `z' = r - x`. हे भांड्याच्या समीकरणात घातलं की

`x' = -x - 2z + 2r + d`
`z' = -x + r`

दोन आठवणी, आणि ट्रान्सफर फंक्शन मात्र एकाच घाताचं. पहिली शंका इथेच यायला हवी. यालाच नॉन-मिनिमल म्हणतात: जेवढ्या अवस्था आत आहेत, त्यापेक्षा कमी बाहेरच्या गणितात दिसतात. मग दुसरी गेली कुठे?

`q = x - 2z` अशी एक नवी राशी घ्या. वरच्या ओळीतून खालच्या ओळीची दुप्पट वजा करा. `2r` आणि `2r` एकमेकांना खातात, उरतं `q' = q + d`. सगळा मामला या एका ओळीत आहे. `q` वर सेटपॉइंटचा काही हात चालत नाही. सिम्युलेशन शून्यापासून सुरू केलं आणि `d` दिलाच नाही, तर `q` जन्मभर शून्य राहतो आणि ग्राफ सुंदर येतो. पण `q` जरासा हलला की तो `e^t` ने वाढतो, आणि त्याला थांबवणारं लूपमध्ये कोणीच नाही. कंट्रोलरने पोल मारलेला नाही, सेटपॉइंटच्या वाटेवरून तो दिसू नये एवढीच व्यवस्था केली आहे.

म्हणून दुपारचं गरम पाणी घालून पाहू. त्यामुळे तापमान दर 10 मिनिटांना 0.3 अंश वाढू पाहतं, म्हणजे `d = 0.3`. पहिल्या कंट्रोलरमध्ये `d` पासून तापमानापर्यंतचं ट्रान्सफर फंक्शन `s/((s-1)(s+2))` येतं. इथे पोल कटत नाही, उघडा दिसतो. दुसऱ्यात ते `s/(s+2)²`.

| | पहिला (खोडणारा) | दुसरा (पीआय) |
|---|---|---|
| सेटपॉइंटला उत्तर | 20 मिनिटं, ओव्हरशूट नाही | 28 टक्के ओव्हरशूट |
| `d = 0.3`, 5 मिनिटांनी | 0.13° | 0.055°, हेच शिखर |
| 30 मिनिटांनी | 2° | जवळपास शून्य |
| 50 मिनिटांनी | 14.8° | शून्य |

पाच मिनिटांनी बघणाऱ्याला दोघांत फारसा फरक वाटणार नाही. मला या तक्त्यातली सगळ्यात धोक्याची ओळ तीच वाटते. 14.8 हा आकडाही शब्दशः घेऊ नका. एवढं दूर गेल्यावर सरळ रेषेचं मॉडेल लागू राहत नाही, एकतर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतो किंवा कच्चा माल संपत आलेला असतो. पण त्याआधीची दिशा खरी आहे.

भाच्याने लगेच विचारलं, "पण मग त्रास नसला तर?" नसला तरी झिरो बरोबर पोलवरच बसला पाहिजे, आणि खऱ्या भांड्याचा पोल तिसऱ्या दशांशापर्यंत कोणालाच माहीत नसतो. समजा तो 1 ऐवजी 1.02 आहे. छेद `s² + 0.98s - 2` होतो आणि त्याचं एक मूळ 1.0067 वर येतं. एक अंशाच्या पायरीवर 20 मिनिटांनी 0.03 अंशाचा फरक पडतो, जो थर्मोकपलच्या खरखरीत हरवून जाईल. 70 मिनिटांनी तो पाच अंश झालेला असतो. म्हणजे अर्ध्या तासात आवरलेल्या चाचणीत पहिला कंट्रोलर आरामात पास होतो.

मग इतक्या चांगल्या फेज मार्जिनचं काय? नायक्विस्टच्या नियमात उघड्या लूपचे अस्थिर पोल मोजावे लागतात, आणि ते कटण्याच्या आधी मोजायचे असतात. इथे असा एक पोल आहे, म्हणजे आलेखाने -1 भोवती एक उलटा फेरा मारायला हवा. `2/s` चा आलेख तसा फेरा मारत नाही. भाच्याने आधी काटछाट केली, मग पोल मोजले, म्हणून शून्य आले आणि 90 अंशांवर विश्वास बसला.

एल्मर गिल्बर्ट आणि रुडॉल्फ कालमान यांनी 1963 मध्ये हे नीट मांडलं: इनपुटने हलवता येणारा आणि आउटपुटवर दिसणारा, या दोन्ही अटी पाळणारा भागच ट्रान्सफर फंक्शनमध्ये उतरतो. आपला `q` आउटपुटवर दिसतो, पण सेटपॉइंटने हलत नाही. याच्या उलटही होतं. अस्थिर भाग आधी आणि त्याला खोडणारा झिरो नंतर, मोजमापाच्या बाजूला असला, तर आतलं तापमान चढत राहतं आणि पडद्यावरचा आकडा शांत असतो. तो प्रकार मला जास्त भीतीदायक वाटतो, कारण तिथे `d` देऊनही आउटपुटवर काही कळत नाही.

तपासायला तीन ओळी पुरतात:

```
A = [-1 -2; -1 0];  B = [2; 1];
eig(A)
rank([B A*B])
```

`eig(A)` मध्ये 1 आणि -2 येतात, म्हणजे लपलेला पोल समोर येतो. रँक 2 ऐवजी 1 येते, म्हणजे एक अवस्था `r` च्या हाताबाहेर आहे. इथे `minreal` वापरू नका. ते समान पोल-झिरो खोडूनच उत्तर देतं, म्हणजे आपण जे शोधतोय तेच पुसून टाकतं. अवस्थांची समीकरणं लिहायचा कंटाळा असेल, तर निदान चार ट्रान्सफर फंक्शनं काढा: सेटपॉइंट आणि त्रास, या दोघांपासून तापमान आणि `u` पर्यंतची. पहिल्या कंट्रोलरची तीन साफ आहेत. `d` पासून `u` पर्यंतचं काढलं तर छान उत्तर येतं, `-2/(s+2)`. चारातलं फक्त `d` पासून तापमानाचं बिघडलेलं आहे. नेमकं तेच राहून गेलं तर काहीच कळत नाही.

याचा अर्थ काटछाट करूच नये असा नाही. दुसऱ्या कंट्रोलरचं ओव्हरशूट त्याच्या -0.8 वरच्या झिरोमुळे येतं. सेटपॉइंटच्या वाटेवर, लूपच्या बाहेर, `4/(5s+4)` फिल्टर लावला की तो झिरो कटतो आणि उरतं `4/(s+2)²`. ओव्हरशूट जातं, स्थिरावायला 29 मिनिटं लागतात. इथेही एक अवस्था लपली, पण ती डाव्या बाजूची आहे, आपोआप विझते. अचूक कटली नाही तरी थोडं ओव्हरशूट परत येईल, एवढंच. मात्र डाव्या बाजूचा पोलही फार संथ असला, तर तो खोडल्यावर त्रासानंतरची शेपटी तासन्‌तास रेंगाळते. पीआयचा इंटिग्रल वेळ भांड्याच्या वेळेइतका ठेवायची सवय असणाऱ्यांनी हे एकदा `d` देऊन बघावं.

पीआयची किंमतही सांगायला हवी. त्याचा गेन 5 आहे, पहिल्याचा 2. थर्मोकपलची खरखर अडीचपट जोराने व्हॉल्व्हपर्यंत जाते. भाच्याचा व्हॉल्व्ह जुना, जरा अडकणारा आहे. त्यामुळे आम्ही दोन्ही पोल -1 वर आणले: `C = (3s+1)/s`, फिल्टर `1/(3s+1)`. गरम पाण्याचा धक्का 10 मिनिटांनी 0.11 अंशांवर थांबतो आणि उतरतो. सेटपॉइंट बदलायला मात्र जवळपास तास लागतो, आणि ते त्याला चालणार होतं, कारण त्याच्या प्रोजेक्टमध्ये सेटपॉइंट दिवसातून एकदाच बदलतो. सरांना दाखवायला त्याने या वेळी ग्राफ काढला तो `d` चा, आणि सिम्युलेशन सुरू केलं ते `x = 0.5` पासून.