घोड्याची डाक की पायी डाक? तुघलकी काळातली तुलना

मुहम्मद तुघलकाच्या डाकेत घोडा वेगवान की माणूस, असा प्रश्न अनेकांना पडतो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1333 साली सिंधमध्ये पोचला. त्याच्या नोंदीनुसार पायी डाक जास्त वेगवान होती.

कारण टप्प्यांत आहे. सुलतानाचे घोडे दर चार मैलांवर बदलत, तर धावणारे मैलाच्या तिसऱ्या हिश्शावर. म्हणजे घोड्याच्या एका टप्प्यात बारा ताज्या दमाचे गडी. प्रत्येकाच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, टोकाला तांब्याच्या घंटा. आवाज कानी पडला की पुढचा गडी कंबर कसून उभाच. पत्र हाती येताच तो सुटे. सिंधहून दिल्ली पन्नास दिवसांची वाट, पण डाक पाच दिवसांत पोचे.

खर्चाचं गणित मात्र उलटं. पायी डाकेला रस्ताभर वस्ती लागते, माणसं सतत सज्ज ठेवावी लागतात. एक चौकी ओस पडली की आधीच्याला दुप्पट धावावं लागणार आणि वेग तिथेच मोडणार. घोड्याला चौक्या कमी, पण दाणा-वैरण हवीच.

दाट वस्तीच्या मार्गावर तातडीचा निरोप असेल तर पायी डाकच धरावी. दौलताबादेत सुलतानासाठी गंगाजलही तिनेच येई. विरळ मुलखात घोडा बरा.